रिकाम्या पोटाची धाव

कोल्हापुरात रंकाळ्यावर पहाटे येणाऱ्यांचे दोन पंथ आहेत. एक चहा घेऊन घराबाहेर पडणाऱ्यांचा, दुसरा पाण्याचा घोटही न घेता येणाऱ्यांचा. पूर्वी या दुसऱ्या पंथात आमच्यासारखी वयस्क मंडळी असत. आता त्यात तरुण धावपटूंची भर पडली आहे. उपाशीपोटी धावलं की चरबी जळते, भाकरी-भात सोडला की दम वाढतो, असं ते एकमेकांना सांगत असतात. माझा भाचा त्यांतलाच. मुंबईच्या मॅरेथॉनची तयारी करताना त्याने एक दिवस मला ऐकवलं, ''मामू, शरीराला चरबीवर चालायला शिकवायचं असतं. तुम्हीपण शिकवा.''

मी पेशाने आणि पिंडाने कविता लिहिणारा माणूस. पदवी मराठी साहित्याची, वय छप्पन्न आणि दहा वर्षांची साखरेची सोबत. डॉक्टरांनी मला दिलेली गोळी स्वादुपिंडाला डिवचून इन्सुलिन सोडायला लावते आणि ती न्याहरीबरोबरच घ्यायची असते. भाच्याच्या नादाने मी एका पहाटे गोळी घेतली, न्याहरी घेतली नाही आणि भरभर चालायला निघालो. तळ्याला वळसा घालत चार किलोमीटर झाले असतील नसतील, हात थरथरू लागले. घाम सुटला, पण तो थंड होता. समोरच्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवेना आणि का कोण जाणे, त्याचा रागही येऊ लागला. मी कठड्यावर बसलो. चहाच्या गाडीवाल्याने पेल्यात चार चमचे साखर ढवळून माझ्या ओठांना लावली. दहा-पंधरा मिनिटांत जग पुन्हा जागेवर आलं. चूक सर्वस्वी माझी होती.

पण त्या दहा मिनिटांनी माझ्या मनात एक कुतूहल सोडलं. रिकाम्या पोटाने धावणाऱ्या माणसाच्या आत नेमकं काय होतं, हे पहिल्यांदा कुणी पाहिलं? शोधत गेलो आणि थेट १९२४ सालच्या बोस्टनला पोहोचलो.

बोस्टनची मॅरेथॉन दर एप्रिलमध्ये होते. १९२४ साली त्या शहरातल्या पीटर बेंट ब्रिगॅम रुग्णालयातले सॅम्युअल लेव्हिन, बर्जेस गॉर्डन आणि क्लिफर्ड डेरिक हे डॉक्टर शर्यतीच्या शेवटच्या रेषेपाशी जाऊन थांबले आणि आलेल्या धावपटूंच्या रक्ताचे नमुने त्यांनी घेतले. जे ताजेतवाने होते त्यांची साखर ठीक होती. काही जण मात्र पांढरेफटक पडलेले, थरथरणारे, गोंधळलेले होते आणि त्यांच्या रक्तातली साखर बरीच उतरली होती. इन्सुलिनचा शोध लागून तेव्हा दोन-तीन वर्षंच झाली होती. इन्सुलिन जास्त झालं तर मधुमेही माणसाची काय अवस्था होते, हे डॉक्टर नुकतेच पाहू लागले होते. निरोगी, तगड्या धावपटूंमध्ये तीच लक्षणं त्यांना दिसली. माझ्या कठड्यावरच्या अवस्थेचं वर्णन सुमारे शंभर वर्षांपूर्वी छापून आलेलं होतं म्हणायचं.

पुढच्या वर्षी, १९२५ साली, त्याच गटाने साधा उपाय करून पाहिला. धावपटूंना आदल्या दिवशी पिष्टमय पदार्थ भरपूर खायला सांगितले आणि धावताना खायला गोड गोळ्या दिल्या. या वेळी त्यांची साखर टिकली आणि शर्यत संपवतानाची अवस्थाही पुष्कळ चांगली होती. आज धावपटू वाटेत जी चिकट गोड पाकिटं फोडतात, त्यांची आजी ही बोस्टनची गोळी.

रक्तातली साखर मात्र गोष्टीचा अर्धाच भाग होती. उरलेला अर्धा भाग स्नायूंच्या आत होता आणि जिवंत माणसाच्या स्नायूत डोकावणार कसं? ती वाट १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये उघडली. योनास बेर्गस्ट्रोम या डॉक्टराने एक पोकळ सुई वापरात आणली. मांडीला भूल देऊन त्या सुईने तांदळाच्या दाण्याएवढा स्नायूचा तुकडा काढता येई आणि त्यात साठवलेली साखर किती आहे, हे मोजता येई. या साठवलेल्या साखरेला ग्लायकोजेन म्हणतात. १९६६ साली बेर्गस्ट्रोम आणि त्यांचे सहकारी एरिक हुल्टमन यांनी प्रयोग स्वतःवरच केला. दोघे एकाच व्यायामाच्या सायकलीच्या दोन बाजूंना बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारलं, अगदी पाय थांबेपर्यंत. दुसरा पाय आराम करत होता. थकलेल्या पायातला साठा जवळजवळ संपला, आराम केलेल्या पायातला जसाच्या तसा राहिला. नंतर तीन दिवस दोघांनी पिष्टमय आहार घेतला. थकलेल्या पायाने आपला साठा आराम केलेल्या पायाच्या जवळपास दुप्पट केला. रक्त एकच, जेवण एकच. पण जो पाय रिता झाला होता त्यानेच अधिक साठवलं.

पुढच्याच वर्षी याच मंडळींनी आहार बदलून माणसं दमेपर्यंत सायकल चालवली. नेहमीच्या जेवणावर ती सरासरी ११४ मिनिटं टिकली. पिष्टमय पदार्थ वगळलेल्या जेवणावर ५७ मिनिटं. पिष्टमय पदार्थ वाढवलेल्या जेवणावर १६७ मिनिटं. भात-भाकरी सोडल्याने दम वाढतो म्हणणाऱ्यांनी हे तीन आकडे एकदा शेजारी शेजारी लिहून पाहावेत.

इथे मला एक गोष्ट समजली, जी रंकाळ्यावर कुणालाच माहीत नव्हती. आपल्या शरीरात साखरेच्या दोन कोठ्या आहेत. एक यकृतात, साधारण शंभर ग्रॅमची. ती रक्तात साखर सोडते आणि मुख्यतः मेंदूला सांभाळते. दुसरी स्नायूंत, तीन-चारशे ग्रॅमची किंवा थोडी अधिक. तिच्यातलं धान्य ज्या त्या स्नायूलाच मिळतं. ते बाहेर उसनं देता येत नाही. रात्रभर आपण झोपतो तेव्हा यकृताची कोठी निम्म्याहून अधिक रिकामी होते, कारण मेंदू रात्रीही जेवतच असतो. स्नायूंची कोठी मात्र जवळपास भरलेलीच राहते. म्हणजे रात्री नीट जेवलेला माणूस पहाटे उपाशी धावतो तेव्हा त्याचे पाय उपाशी नसतात. इन्सुलिन खाली असल्यामुळे तो धावताना थोडी जास्त चरबी वापरतो, इतकंच. पाय रिते करायचे असतील तर त्यासाठी आदल्या संध्याकाळी दमवणारा व्यायाम आणि त्यानंतर पिष्टमय पदार्थांशिवाय जेवण, अशी जोडी लागते. 'उपाशी धावणं' आणि 'रित्या पायांनी धावणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्या एक समजल्यामुळे होतो.

मग रित्या पायांनी धावण्यात काही लाभ आहे का? हा प्रश्न डेन्मार्कने उलटा करून विचारला. कोपनहेगनच्या संशोधकांनी २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. व्यायामाची सवय नसलेल्या सात तरुणांच्या दोन पायांना त्यांनी दहा आठवडे वेगवेगळं शिकवलं. एका पायाला रोज एकदा व्यायाम. दुसऱ्या पायाला एक दिवस आड, पण त्या दिवशी दोनदा. एकूण काम सारखंच. फरक एवढाच, की दुसऱ्या पायाचा दुसरा व्यायाम साठा उतरलेला असताना होई. दहा आठवड्यांनी दोन्ही पायांची कमाल ताकद सारखीच वाढली होती. पण ठरावीक भार दमेपर्यंत ओढण्याचा वेळ दुसऱ्या पायात पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट भरला. साठा उतरला की स्नायूला जणू टंचाईची वर्दी जाते. तो चरबी जाळणाऱ्या भट्ट्या, म्हणजे पेशींमधली मायटोकाँड्रिया, वाढवू लागतो.

या बातमीने धावपटूंच्या जगात मोठीच खळबळ उडाली, आणि इथूनच वाट चुकायला सुरुवात झाली. कारण प्रयोगातले तरुण नवखे होते. २००८ साली ऑस्ट्रेलियात मुरलेल्या सायकलपटूंवर तीन आठवडे तसाच प्रयोग झाला. चरबी वापरण्याची क्षमता वाढली, पण तासाभराच्या कसोटीत दोन्ही गट सारखेच सुधारले. शिवाय रित्या पायांनी व्यायाम करणाऱ्यांना त्या वेळी जोर कमी लावता आला. भट्ट्या वाढल्या, पण घाव घालायला हात उचलत नव्हता.

चरबीचा हिशेब पुढे कॅनबेरात पक्का झाला. आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांनी २०१५च्या अखेरीस आणि २०१६च्या आरंभी जगातल्या उत्तम चालण्याच्या शर्यतपटूंना एकत्र आणलं. तीन आठवडे एका गटाला भरपूर कर्बोदकं, दुसऱ्याला व्यायामानुसार कधी जास्त कधी कमी, आणि तिसऱ्याला दिवसाला पन्नास ग्रॅमहून कमी कर्बोदकं व बाकी बहुतेक चरबी. तिसऱ्या गटाची चरबी जाळण्याची क्षमता थक्क करणारी वाढली. पण दहा किलोमीटरच्या शर्यतीत पहिला गट ६.६ टक्क्यांनी सुधारला, दुसरा ५.३ टक्क्यांनी आणि तिसरा मात्र १.६ टक्क्यांनी मागे गेला. निकाल २०१७ साली छापून आला आणि २०२० साली पुन्हा केलेल्या प्रयोगातही चित्र तेच निघालं.

कारण समजायला सोपं आहे. एक लिटर प्राणवायू खर्चून साखरेपासून जितकी ऊर्जा मिळते, तितकी चरबीपासून मिळत नाही. सहा-सात टक्के कमी मिळते. रमतगमत धावणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, कारण त्याच्याकडे श्वास शिल्लक असतो. पण जो आधीच फुप्फुसांच्या कडेवर धावतो आहे, त्याला तेवढ्याच वेगासाठी जास्त श्वास लागतो, आणि तो आणणार कुठून? लांब पल्ल्याची, संथ, दिवसभराची वाटचाल असेल तर चरबीवर चालणारं शरीर उपयोगी पडू शकतं. चढ आला, शेवटचा किलोमीटर आला, मागून कुणी आलं, की साखरच लागते.

चालण्याच्या शर्यतपटूंकडून आणखी एक गोष्ट कळली. साडेतीन आठवडे कर्बोदकं तोडलेल्यांच्या रक्तात हाड झिजल्याच्या खुणा वाढल्या आणि हाड बांधलं जात असल्याच्या खुणा घटल्या. हे दीर्घकाळात कुठे जातं ते अजून ठरायचं आहे. पण पोटरीच्या हाडावर रोज हजारो आघात घेणाऱ्याने ते लक्षात ठेवावं.

आता माझ्या भाच्याची गोष्ट. वजन ७० किलो, वय ३८. सपाट रस्त्यावर माणूस साधारण एका किलोमीटरला आपल्या वजनाच्या किलोइतके उष्मांक खर्च करतो. म्हणजे त्याचे किलोमीटरला ७०. त्याच्या वेगाला त्यातले सुमारे ४५ साखरेतून येतात असं धरू. भरलेल्या दोन्ही कोठ्यांत मिळून ५०० ग्रॅम, म्हणजे २००० उष्मांक. कागदावर ते ४४ किलोमीटरना पुरतात, मॅरेथॉन ४२ची. जेमतेम! वेग थोडा वाढला की साखरेचा वाटा वाढतो, आणि मग तिसाव्या-पस्तिसाव्या किलोमीटरला धावपटू ज्याला 'भिंत' म्हणतात ती येते. भाच्याने आठवडाभर भाकरी, भात, पोहे सगळं सोडलं होतं आणि रोज सकाळी उपाशीच धावत होता. कोठ्या निम्म्या भरल्या असं धरलं तर हिशेब २२ किलोमीटरचा. रविवारी तो ३० किलोमीटर धावायला निघाला आणि तेविसाव्याला रस्त्याच्या कडेला बसला. गणित ढोबळ आहे. पण ते त्याच्या पायांना माहीत असावं.

तेवढ्यावर तो थांबला नाही. आणखी महिनाभर तसाच राहिला, आणि शरीराने एकेक निरोप धाडला. मंगळवारच्या जोरकस फेऱ्यांचा वेळ दर आठवड्याला वाढू लागला. नेहमीच्या संथ वेगालाही छाती जास्त धडधडू लागली. रात्री तीनला जाग येई. महिन्यात दोनदा सर्दी झाली. नडगीत एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखू लागलं. वजन दोन किलो उतरलं होतं, तेव्हा त्याला वाटे सगळं ठीक चाललंय. त्या पहिल्या दोन किलोंमध्ये बरंचसं पाणीच असतं, कारण ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवतं. साठा गेला की पाणी गेलं. काटा खाली, चरबी जागेवर. आणि नुसतं वजनच पाहायचं झालं तर २०१४ साली वीस तरुणींवर चार आठवडे झालेल्या प्रयोगात उपाशी व्यायाम करणाऱ्या आणि खाऊन करणाऱ्या यांच्यात फरक दिसला नव्हता. दोघींचं दिवसाचं जेवण सारखं ठेवलं होतं.

शेवटी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी त्याला बसवून घेतलं. नडगीच्या डॉक्टरांनी तीन आठवडे धावणं बंद केलं होतं, त्यामुळे ऐकायला वेळही होता. त्यांनी आखून दिलेला आठवडा असा. मंगळवारी संध्याकाळी जोरकस फेऱ्या, त्याआधी दुपारी पोटभर भात किंवा भाकरी. त्या रात्री मात्र जेवणात अंडी किंवा मासळी, भाजी, दही, भाकरी-भात नाही. बुधवारी पहाटे नुसत्या पाण्यावर पंचेचाळीस मिनिटं ते एक तास, इतकं सावकाश की बाजूच्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावं. परत आल्या आल्या पोहे, केळी, दूध. आठवड्यातून हे एकदाच. रविवारची लांब धाव कधीही उपाशी नाही. दोन तास आधी खाणं आणि वाटेत दर तासाला तीस ते साठ ग्रॅम साखर. म्हणजे एक मोठं केळं आणि मीठ घातलेल्या लिंबू सरबताचा एक पेला, एवढंच. पोटालाही शर्यतीत खाण्याची सवय लागावी लागते. सरावात कधीच न खाणाऱ्याला शर्यतीच्या दिवशी तेच सरबत उलटतं.

'संध्याकाळी जोर, रात्री कमी, पहाटे संथ' ही जोडणी फ्रान्समध्ये त्रिक्रीडापटूंवर तपासली गेली होती. २०१६च्या त्या प्रयोगात दोन्ही गटांचा दिवसाचा एकूण पिष्टमय आहार सारखा होता, फक्त तो खाण्याच्या वेळा वेगळ्या होत्या, आणि दहा किलोमीटरचा वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारला. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमध्ये अव्वल खेळाडूंवरच्या तशाच प्रयोगात वेगळा लाभ दिसला नाही. म्हणजे हे औषध आहे, अन्न नव्हे; कुणाला लागू पडतं, कुणाला नाही, आणि मात्रा थोडी. केनियाच्या धावपटूंचा दाखला नेहमी देतात. ते पहाटे बरेचदा न खाता धावतात हे खरं. पण त्यांच्या दिवसाच्या अन्नातला तीन-चतुर्थांश भाग उगाली आणि इतर पिष्टमय पदार्थांचा असतो, हे सांगायचं राहून जातं.

आमच्या घरात हा विषय निघाला की रमजानचा उल्लेख येतोच. रोज्यात अन्नच नव्हे, पाणीही नसतं. त्यामुळे त्याची तुलना पहाटेच्या उपाशी धावेशी होत नाही. भाचा त्या महिन्यात इफ्तारच्या अर्धा-पाऊण तास आधी हळू धावतो, म्हणजे थांबताच पाणी आणि खजूर हाताशी असतात. जोरकस व्यायाम तो इफ्तारनंतर दोन तासांनी करतो, नाहीतर सोडून देतो. रोजा इबादत आहे, तालीम नव्हे, हे त्याला त्याच्या आजीने सांगितलं होतं आणि क्रीडाशिक्षकांनीही.

ज्यांनी हा प्रयोग करूच नये असेही लोक आहेत. इन्सुलिन घेणारे, माझ्यासारखी इन्सुलिन सोडायला लावणारी गोळी घेणारे, गरोदर स्त्रिया, वाढीच्या वयातली मुलं, पाळी चुकू लागलेल्या धावणाऱ्या मुली. या शेवटच्या खुणेला 'व्यायामामुळे होतं असं' म्हणून सोडून देऊ नये. शरीर अन्न पुरत नाही असं सांगत असतं.

भाच्याची मॅरेथॉन झाली. भिंत आली, पण अडतिसाव्या किलोमीटरला, आणि ती त्याने ओलांडली. मी अजूनही पहाटे रंकाळ्यावर जातो. आता डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ न्याहरीला पक्की बांधली आहे आणि सदऱ्याच्या खिशात साखरेची पुडी असते. चहाच्या गाडीपाशी पोहोचलो की तो माणूस माझ्याकडे आधी नीट पाहतो आणि मगच विचारतो, ''सर, आज खाऊन आलात ना?''